फोन उचलला, पण चोरी झाली का?

कायद्याच्या वर्गात फौजदारी कायद्याची सुरुवात बहुधा एका स्लाइडने होते. डावीकडे ‘ॲक्टस रिअस’, म्हणजे दोषी कृती. उजवीकडे ‘मेन्स रिया’, म्हणजे दोषी मन. मध्ये अधिकचे चिन्ह, पुढे बरोबरचे चिन्ह आणि शेवटी ‘गुन्हा’. मन दोषी असल्याशिवाय केवळ कृतीने माणूस दोषी ठरत नाही, अशा अर्थाचे जुने लॅटिन वचन खाली असते. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात.

ही स्लाइड चुकीची नाही, पण अपुरी आहे. कृती नेमकी किती झाली म्हणजे पुरे, मनात नेमके काय असायला हवे आणि ही दोन्ही कोणत्या क्षणी एकत्र यायला हवीत, हे ती सांगत नाही. माझ्या मते सगळा कायदा या तिसऱ्या प्रश्नात आहे. तो समजून घ्यायला एक साधी चोरी पुरते.

समजा, पुण्यात सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले दिवसभर तिथे बसलेली असतात. भिंतीलगतच्या फळीवर एक्स्टेंशन बोर्ड आहे, त्यावर सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावलेले असतात. रात्रीचे नऊ वाजलेत. गणेश त्याचा काळ्या कव्हरचा फोन तिथे लावून चहाला खाली गेला आहे. समीर जागेवरून उठतो, फळीपाशी जातो, त्या फोनची पिन काढतो, फोन सॅकमध्ये टाकतो आणि जिना उतरून निघून जातो. कोपऱ्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात हे सगळे दिसते. समीर आणि गणेश दोघेही काल्पनिक आहेत, पण असे फोन रोज कुठे ना कुठे नाहीसे होतात.

1 जुलै 2024 पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 मध्ये चोरीची व्याख्या आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ती कलम 378 मध्ये होती आणि तिचा गाभा जवळजवळ जसाच्या तसा नव्या कायद्यात आला आहे. सोप्या भाषेत ती अशी: दुसऱ्याच्या कब्जातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घ्यायची या उद्देशाने जो ती वस्तू हलवतो, तो चोरी करतो.

या वाक्यातली कृती कोणती? हलवणे. फोन घेऊन पळून जाणे नाही, विकणे नाही, अभ्यासिकेच्या दाराबाहेर नेणेही नाही. उद्देश अप्रामाणिक असेल, तर समीरने फोन फळीवरून उचलला त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली. दोन पावलांवर गणेश समोर आला आणि समीरने फोन मुकाट्याने परत ठेवला, तरी झालेली चोरी पुसली जात नाही. दंड संहितेतच एक उदाहरण दिलेले होते. एक जण दुसऱ्याच्या घरात अंगठी पाहतो, लगेच नेली तर पकडला जाईल म्हणून ती त्याच घरात कुणाला सापडणार नाही अशा जागी लपवतो आणि शोधाशोध थांबली की न्यायची असे ठरवतो. अंगठी घराबाहेर गेलेली नाही, तरी ती पहिल्यांदा हलवली तेव्हाच चोरी झाली. समीरने गणेशचा फोन पुस्तकांच्या मागे सरकवून रात्री न्यायचे ठरवले, तर त्यालाही हेच लागू पडते.

त्याच्या अलीकडे काय? समीर दोन दिवस त्या फोनकडे बघत होता, कुठे विकायचा याचा विचार करत होता, कॅमेरा कुठे आहे तेही त्याने पाहून ठेवले होते. यातले काहीही चोरी नाही. मन कितीही ठाम असो, जोवर ते कृतीत उतरत नाही तोवर कायदा त्याला हात लावत नाही. पण त्याने पिनेला हात घातला आणि तेवढ्यात गणेश आल्यामुळे फोन जागचा हलला नाही, तर तो चोरीचा प्रयत्न होतो आणि त्यासाठी कलम 62 आहे. रिकाम्या खिशात हात घालणारा पाकीटमारही याच कलमाखाली येतो. खिशात काही नव्हते म्हणून तो सुटत नाही, कारण त्याच्या बाजूने त्याने पाऊल टाकलेले असते. प्रयत्नात आणि पूर्ण चोरीत मन तेच असते, अंतर फक्त कृतीचे.

कृतीच्या बाजूला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे कब्जा. गणेश खाली चहा पीत होता, फोन त्याच्या हातात नव्हता. तरी फोन त्याच्याच कब्जात होता, कारण तो त्याने ठरावीक जागी ठेवला होता आणि थोड्या वेळाने परत घेणार होता. तोच फोन टिळक रस्त्यावर त्याच्या खिशातून पडला, त्याला पत्ता नाही आणि समीरला तो रस्त्यावर सापडला, तर तो त्या वेळी कुणाच्याच कब्जात नसतो. तो स्वतःसाठी ठेवून घेणे गुन्हा आहे, पण तो गुन्हा चोरीचा नाही, अपहाराचा आहे. आणि कब्जा म्हणजे मालकी नव्हे. गणेशने फोन दुरुस्तीला दिला, दुकानदाराने काम करून बिलाच्या पैशांसाठी तो हक्काने अडवून ठेवला आणि पैसे बुडवायचे म्हणून गणेशने तो हळूच उचलून आणला, तर स्वतःच्याच फोनची चोरी केल्याबद्दल तो दोषी ठरतो. दंड संहितेच्या उदाहरणांत हा प्रसंग घड्याळाचा होता.

आता मनाकडे वळू. कॅमेऱ्यात दिसलेली हालचाल तीच ठेवायची: समीर उठतो, पिन काढतो, फोन सॅकमध्ये टाकतो, जातो. फक्त डोक्यातला विचार बदलून पाहू.

पहिल्या शक्यतेत त्याला फोन विकायचा आहे. इथे शंकेला जागा नाही. ‘अप्रामाणिकपणे’ म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने, अशी कायद्याची व्याख्या आहे. यात समीरचा लाभ आणि गणेशची हानी, दोन्ही आहेत. पैसे त्याला खोलीच्या थकलेल्या भाड्यासाठी हवे होते की आईच्या औषधासाठी, याने गुन्हा ठरण्यात फरक पडत नाही. तो हेतू झाला, आणि हेतू चांगला असला म्हणून उद्देश प्रामाणिक होत नाही. शिक्षा ठरवताना न्यायाधीश त्याचा विचार करू शकतात.

दुसऱ्या शक्यतेत समीरचाही फोन त्याच कंपनीचा, त्याच काळ्या कव्हरचा आहे आणि तोही त्याच फळीवर लावलेला आहे. दिवसभर वाचून थकलेल्या समीरने आपला समजून शेजारचा फोन उचलला. वस्तू दुसऱ्याची, कब्जा दुसऱ्याचा, संमती नाही, हालचाल झालेली. स्लाइडचा डावा रकाना पूर्ण भरलेला आहे, उजवा मात्र कोरा आहे. आपलीच वस्तू आपण घेतो आहोत असे जो खरोखर समजतो, त्याच्या मनात ना गैरलाभाचा उद्देश असतो ना गैरहानीचा. ही चोरी नाही.

तिसरी शक्यता लोकांना हमखास चकवते. गणेशकडे समीरचे दोन हजार रुपये तीन महिने अडकले आहेत. मागून मागून समीर थकला. शेवटी ‘पैसे दे आणि फोन घेऊन जा’ असे म्हणायचे ठरवून तो फोन उचलतो. फोन ठेवून घ्यायचा त्याचा अजिबात विचार नाही, घेणेही खरे आहे. तरीही ही चोरी आहे. धनकोने ऋणकोची वस्तू पैसे वसुलीसाठी परस्पर उचलली, तर ती चोरीच होते, असे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1895 साली म्हटले आणि आजही कायदा तोच आहे. हक्काने मिळायला हवेत ते पैसे. फोन अडवून धरण्याचा हक्क समीरला कुणी दिलेला नाही. म्हणून गणेशची होणारी अडचण कायद्याच्या भाषेत गैरहानीच ठरते. हातउसन्या पैशांच्या भांडणात गाडीची किल्ली काढून घेणाऱ्या किंवा फोन हिसकावणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यायला हवे, कारण ‘माझेच पैसे होते’ हा बचाव इथे चालत नाही.

चौथ्या शक्यतेत समीरला फोन फक्त रात्रीपुरता हवा आहे. सकाळी तो फळीवर ठेवणारच आहे. बऱ्याच स्लाइडमध्ये इथे मोठी चूक होते. चोरीसाठी मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा उद्देश लागतो, असे त्यात लिहिलेले असते. ते खरे आहे, पण इंग्लंडपुरते. तिथल्या 1968 च्या चोरीच्या कायद्यात तशी अट आहे. आपल्या व्याख्येत ‘कायमचे’ हा शब्दच नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे 1957 मध्ये स्पष्ट केले.

ते प्रकरण विमानाचे होते. जोधपूरला हवाई दलाच्या अकादमीत शिकणारा एक प्रशिक्षणार्थी 14 मे 1952 च्या सकाळी आपल्या एका साथीदाराला घेऊन हार्वर्ड विमानातून निघाला. त्या विमानातून त्या वेळी जाण्याची परवानगी त्याला नव्हती. विमान पाकिस्तानात जाऊन उतरले. विमान काही आम्ही ठेवून घेणार नव्हतो, वाट चुकलो, असे बचावाचे म्हणणे होते. प्रशिक्षणार्थींना विमाने चालवायला दिलीच जातात, तेव्हा संमती गृहीत धरावी, असाही युक्तिवाद झाला. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या नावाने गाजलेल्या या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही फेटाळले. परवानगीशिवाय विमान नेल्याने सरकारला तेवढ्या काळापुरती त्याच्या वापराला मुकावे लागले, आणि तात्पुरती हानीही हानीच असते. 1962 च्या दुसऱ्या एका निकालात हा मुद्दा आणखी पक्का झाला. तिथे एका सरकारी कार्यालयातल्या अधीक्षकाने फाइल बाहेरच्या माणसाला थोड्या काळापुरती दिली होती. त्याने कागद बदलले, फाइल परत जागेवर आली. फाइल कपाटात सुखरूप होती, तरी चोरी सिद्ध झाली.

म्हणून ‘सकाळी ठेवणारच होतो’ एवढ्याने समीर सुटत नाही. पण तो आपोआप अडकतही नाही. गणेश त्याचा जिवलग मित्र असेल, दोघे एकमेकांच्या वस्तू न विचारता वापरत असतील, तर गणेशची संमती बोलून दाखवलेली नसली तरी ती गृहीत धरता येते, निदान समीरला तसे प्रामाणिकपणे वाटू शकते. मित्राच्या ग्रंथसंग्रहातून वाचून परत करण्यासाठी न विचारता पुस्तक नेणारा चोर नाही, असे उदाहरण दंड संहितेत होते. त्या पुस्तकात आणि जोधपूरच्या विमानात फरक नेण्याच्या काळाचा नाही. ‘याला माझी हरकत नसती’ असे समोरच्याने म्हटले असते का, आणि नेणाऱ्याला ते ठाऊक होते का, एवढाच तो फरक आहे.

आता दुसऱ्या शक्यतेतल्या समीरकडे, चुकून फोन नेणाऱ्याकडे, परत जाऊ. रात्री अकराला खोलीवर पोहोचून तो फोन बाहेर काढतो. स्क्रीनवर त्याच्या ओळखीचे चित्र नाही. त्याला चूक कळते. तेवढ्यात गणेशचा कॉलही येतो. समीर तो कॉल तोडतो, फोन बंद करतो, सिम काढून फेकतो आणि दुसऱ्या दिवशी फोन विकून टाकतो.

आता दोन्ही रकाने भरले, पण वेगवेगळ्या वेळी. नऊ वाजता हात हलला तेव्हा मन स्वच्छ होते. अकरा वाजता मन बिघडले तेव्हा फोन गणेशच्या कब्जातून केव्हाच निघालेला होता. चोरीला या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी लागतात. फोन हलवतानाच तो अप्रामाणिकपणे घ्यायचा उद्देश हवा. म्हणून ही चोरी नाही. स्लाइडवरचे अधिकचे चिन्ह अपुरे पडते ते इथे, कारण नऊ वाजताची कृती आणि अकरा वाजताचे मन यांची बेरीज त्याने सहज होईल, कायद्यात मात्र ती होत नाही.

तरी समीर सुटत नाही. चुकून आपल्याकडे आलेली किंवा रस्त्यात सापडलेली जंगम वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगासाठी लाटणे हा वेगळा गुन्हा आहे, कलम 314 खालचा. त्याला गणेशच्या कब्जातून वस्तू हलवण्याची गरज नाही. गणेशचा कॉल तोडून फोन लाटायचे ठरवणे आणि तसे वागणे हीच इथली कृती, आणि ती अकरा वाजताच्या मनाशी बरोबर जुळते.

नव्या संहितेतली एक विसंगती मला इथे खटकते. चोरी पहिल्यांदाच केलेली असेल, मालाची किंमत 5000 रुपयांहून कमी असेल आणि तो माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कलम 303 मध्ये सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, तुरुंगाची नाही. कलम 314 मध्ये मात्र किमान सहा महिने कैद आहे, जास्तीत जास्त दोन वर्षे, शिवाय दंड. म्हणजे गणेशचा फोन जुना, चार हजारांचा असेल, तर ठरवून चोरणारा आणि नंतर परत करणारा समीर बागेची किंवा रुग्णालयाची स्वच्छता करून सुटू शकेल, आणि चुकून फोन नेणारा पण नंतर मोह पडलेला समीर सहा महिने आत जाईल. ज्याचे मन उशिरा बिघडले त्याला जास्त शिक्षा, हे मला पटत नाही. जुन्या संहितेत अपहाराला अशी किमान शिक्षा नव्हती.

प्रत्येक गुन्ह्याला दोषी मन लागतेच, हे स्लाइडवरचे दुसरे विधानही जपून वाचायला हवे. त्याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. 28 नोव्हेंबर 1962 ला झुरिचहून मनिलाला जाणारा एक परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर विमानातच बसून होता. त्याच्या अंगातल्या जाकिटात 34 किलो सोने सापडले. सोने भारतमार्गे नेण्यावरच्या बंधनाची नवी अधिसूचना चारच दिवस आधी प्रसिद्ध झाली होती आणि आपल्याला तिची कल्पना नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. 1964 मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला दोषी धरले, शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. परकीय चलनासारख्या कायद्यांत दोषी मनाची अट कमी होऊ शकते किंवा गळूनही पडू शकते. चोरीत ती गळू शकत नाही, कारण ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द व्याख्येतच लिहिलेला आहे.

मग समीरच्या मनात काय होते हे न्यायालयाला कळते कसे? कॅमेऱ्यात मन दिसत नाही. न्यायदंडाधिकारी ते त्याच्या वागण्यावरून ओळखतात, फोन उचलण्याच्या आधीच्या आणि त्याहून जास्त नंतरच्या. समीरचा स्वतःचा फोन खरोखर तसाच होता का? तो त्या रात्री फळीवरच राहिला होता का? चूक झाली असेल तर तो तिथेच सापडायला हवा. समीरचा फोन खिशात असताना त्याने दुसरा उचलला असेल, तर गफलतीची गोष्ट तिथेच कोसळते. गणेशचा कॉल त्याने घेतला की तोडला? सिम केव्हा निघाले? फोन बंद केला का? आयएमईआय क्रमांकावरून तो फोन दुसऱ्या सिमवर केव्हा चालू झाला हे शोधता येते, आणि त्या तारखेवरून बरेच काही कळते. पोलिसांनी विचारल्यावर त्याने पहिल्याच वेळी चुकीचा खुलासा दिला, की आधी ‘मला माहीत नाही’ म्हटले आणि नंतर खुलासा सुचला?

चोरीनंतर लगेचच माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एक तर चोर असेल किंवा त्याने चोरीचा माल आहे हे जाणून घेतला असेल, असे न्यायालय गृहीत धरू शकते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये तशी सोय आहे. मात्र ‘धरू शकते’ म्हणजे धरलेच पाहिजे असे नाही. इथेच खटले कच्चे राहतात. पंचनाम्यात गणेशच्या फोनचे वर्णन बारकाईने येते, पण समीरच्या फोनचा रंग, कव्हर, कंपनी यांची नोंदच नसते. गणेशच्या जबाबात ‘माझ्या संमतीशिवाय नेला’ हे वाक्य असते, पण त्या दोघांत वस्तू न विचारता वापरायची सवय होती का हे कुणी विचारलेले नसते. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत हाच प्रश्न विचारला आणि गणेशने ‘हो, कधी कधी वापरायचो’ असे उत्तर दिले, की सरकारी पक्षाची बाजू लंगडी पडते.

समीरने आपला खुलासा सरकारी पक्षासारखा नि:संशय सिद्ध करायचा नसतो. तो शक्य कोटीतला आहे आणि बाकीच्या पुराव्याशी जुळतो, एवढे दाखवले तरी संशयाचा फायदा त्यालाच मिळतो. या सगळ्यात महिने जातात, म्हणून जप्त झालेला फोन निकालापर्यंत पोलिसांच्या मुद्देमालात पडून राहू नये यासाठी गणेश आधीच अर्ज करू शकतो. न्यायालय फोनची छायाचित्रे आणि नोंद घेऊन, गरज पडल्यास हजर करण्याच्या अटीवर तो त्याला सुपूर्तनाम्यावर परत देते, मग समीर शेवटी दोषी ठरो वा न ठरो.